मदत हवी आहे : इन्सुलिन घेणाऱ्या आईचा मुंबई ते न्यूआर्क थेट विमानप्रवास आणि साखर तपासण्याच्या वेळा

गोदाकाठ_नाशिक

नमस्कार. माझी आई ६८ वर्षांची असून तिला चौदा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. गेली तीन वर्षे ती रात्री १० वाजता ग्लार्जिन १८ युनिट आणि तिन्ही जेवणांआधी जलद काम करणारे इन्सुलिन घेते. बहिणीच्या बाळंतपणासाठी ती पुढील महिन्यात न्यू जर्सीला एकटीच जाणार आहे. विमान मुंबईहून रात्री २ वाजता सुटते आणि साडेपंधरा तासांनी, तिथल्या सकाळी ८ वाजता न्यूआर्कला उतरते. तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील, म्हणजे घड्याळ साडेनऊ तास मागे जाईल.

इन्सुलिनच्या मात्रा डॉक्टरांनी लिहून दिल्या आहेत. पहिल्या दिवशी ग्लार्जिन भारतीय वेळेप्रमाणेच, म्हणजे तिथल्या दुपारी साडेबारा वाजता घ्यायचे आणि त्यानंतर रोज दोन तास पुढे सरकवत रात्री १० वर आणायचे, असे त्यांनी सांगितले आहे. साखर मात्र ‘दर चार ते सहा तासांनी तपासा’ एवढेच त्यांचे सांगणे आहे.

अडचण अशी की आई घरी सकाळी ७, दुपारी १२.३०, रात्री ८ आणि रात्री १० या ठरलेल्या वेळांना तपासते आणि वहीत ‘उपाशीपोटी’, ‘जेवणाआधी’ व ‘झोपताना’ अशा रकान्यांत आकडे लिहिते. विमानात नेमकी कोणती वेळ धरायची, कोणत्या आकड्याला उपाशीपोटीचा म्हणायचे आणि कोणत्या आकड्यावर काय करायचे, हे तिला कसे समजावून सांगावे?

पेठेतला_प्रवासी

माझे मत असे की आईंच्या मनगटावरचे घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवावे आणि तिथे असेपर्यंत सगळे त्याच वेळेने करावे. मी दुबईला जातो तेव्हा असेच करतो आणि मला कधीही त्रास झालेला नाही.

परिचारिका_निवृत्त

दुबईचा फरक दीड तासांचा आहे, त्यामुळे तिथे आपली पद्धत चालून जाते. साडेनऊ तासांच्या फरकात भारतीय वेळेची ‘सकाळी ७ ची’ तपासणी तिथल्या रात्री साडेनऊला येईल, म्हणजे जेवणानंतर. तो आकडा उपाशीपोटीच्या रकान्यात गेला, तर वही पाहणाऱ्या डॉक्टरांना साखर बिघडल्यासारखी वाटेल. विमानात भारतीय वेळ ठेवावी, हे मात्र आपले बरोबर आहे.

गोदाकाठताई, मी मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात बरीच वर्षे काम केले आहे आणि प्रवासाला निघालेल्या रुग्णांना आम्ही वहीचे रकाने बदलायला सांगत असू. वेळेशेजारी दोनच गोष्टी लिहाव्यात : शेवटचे खाल्ल्याला किती तास झाले आणि शेवटचे जलद इन्सुलिन घेतल्याला किती तास झाले. आकड्याचा अर्थ या दोन अंतरांवरून लागतो, खिडकीबाहेर ऊन आहे की अंधार यावरून नाही. खाऊन आठ तास झाले असतील तर तो आकडा उपाशीपोटीचा, मग घड्याळात काहीही वाजलेले असो. जलद इन्सुलिन घेऊन दोनच तास झाले असतील, तर ते अजून काम करत आहे. तेव्हा २२० दिसले तरी लगेच आणखी इन्सुलिन घेऊ नये. विमानात वेळेचा अंदाज सुटल्यामुळे नेमकी हीच चूक होते आणि दोन मात्रा एकमेकींवर चढून साखर झपाट्याने उतरते.

आपल्या आईंच्या प्रवासाचा हिशेब असा मांडता येईल. सर्व वेळा भारतीय आहेत. रात्री साडेआठला घरी जेवण व इन्सुलिन, १० वाजता विमानतळावर तपासणी आणि ग्लार्जिन. उड्डाणानंतर तीनच्या सुमारास जेवण येईल. ती वेळ त्यांच्या झोपेची आहे आणि पोटात रात्रीचे जेवण आहे, म्हणून ते जेवण नाकारले तर उत्तम, पण झोपण्याआधी एकदा तपासावे. जेवायचेच असेल, तर डॉक्टरांनी अशा अधिकच्या जेवणासाठी काय सांगितले आहे ते आधीच विचारून ठेवावे, कारण हा ‘दिवस’ लांबल्यामुळे त्यात एक-दोन जेवणे वाढतात. मग गजर लावून सकाळी ७ ला तपासणी; मध्ये काही खाल्ले नसेल तर हा खरा उपाशीपोटीचा आकडा. त्यानंतर प्रत्येक खाण्याआधी, साधारण ११-१२ ला आणि उतरण्यापूर्वीच्या खाण्याआधी ४ ला. उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत आणि गाडीत दोन-तीन तास जातात, म्हणून मुलीच्या घरी पोचताच पुन्हा एकदा. तिथल्या साडेबाराला ग्लार्जिन घेताना तपासावे, रात्रीच्या जेवणाआधी तपासावे आणि पहिल्या दोन रात्री झोपताना व पहाटे ३ ला तपासावे.

कृष्णाकाठचा

मी सकाळ-संध्याकाळ ३०/७० चे मिश्र इन्सुलिन घेतो. मागच्या वर्षी टोरांटोला जाताना मलाही हाच प्रश्न पडला होता. दिवस लांबतो म्हणून मी एक जास्तीचे इंजेक्शन घेतले आणि साखर ठीक राहिली. आईंनाही एक वाढीव ग्लार्जिन घ्यायला सांगावे.

परिचारिका_निवृत्त

कृपया तसे करू नये. मिश्र इन्सुलिनमध्ये जेवणाचा भाग असतो, म्हणून वाढलेल्या जेवणासाठी आपल्या डॉक्टरांनी मात्रा दिली असेल तर ते वेगळे. ग्लार्जिन सुमारे चोवीस तास चालते. ते बारा तासांत दोनदा पूर्ण घेतले, तर दोन्हींचा असर एकत्र येईल. आईंच्या योजनेत दोन मात्रांमध्ये २६ तास जाणार आहेत, त्यामुळे तिथे भीती उलट दिशेची आहे : काही जणांत ग्लार्जिन चोवीस तासही पुरत नाही आणि शेवटच्या तासांत साखर चढू लागते. म्हणून ते पाच-सहा दिवस ग्लार्जिन घेण्याच्या क्षणी एक तपासणी ठेवावी. त्या आकड्यावरून मात्रा स्वतःहून वाढवू नये. आकडे रोज चढत गेले तर डॉक्टरांना कळवावे.

सातारकर_मुलगा

सुरक्षा तपासणीत सुया अडवतात का, हे कोणी सांगेल का? माझ्या वडिलांनाही जायचे आहे.

गोदाकाठ_नाशिक

सातारकर, डॉक्टरांचे पत्र आणि औषधांची चिठ्ठी जवळ ठेवावी, असे आम्हाला सांगितले गेले आहे. पण माझा प्रश्न तपासणीच्या वेळांचा आहे, त्यामुळे इथे तेवढ्यावरच बोलू या, ही विनंती.

टाइप१_छत्तीस_वर्षे

मी परदेशी प्रवास पुष्कळ करतो. वरच्या वेळापत्रकात एक अनुभव जोडतो. एकदा ‘आता जेवण देत आहोत’ अशी घोषणा ऐकून मी तपासले, १३० आले, आणि मी लगेच इन्सुलिन घेतले. तेवढ्यात विमान हलू लागले, सर्वांना पट्टे बांधायला सांगितले आणि ट्रॉली मागे गेली. चाळीस मिनिटांनी हात थरथरू लागले, तेव्हा आकडा ६२ होता. तेव्हापासून मी तपासणी घोषणेनंतर करतो, पण इन्सुलिन ताट प्रत्यक्ष समोर आल्यावरच घेतो. आईंना हे पुन्हा पुन्हा सांगावे, कारण घरी तपासणी, इंजेक्शन आणि पान या तिन्हींचा क्रम त्यांच्या हातात असतो, विमानात तो नसतो.

दुसरे असे की प्रवासाचा शीण आणि साखर उतरल्याची लक्षणे सारखीच वाटतात : घाम, चिडचिड, गळून जाणे, डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून ठरलेल्या वेळांव्यतिरिक्त ‘बरे वाटत नाही’ हीसुद्धा तपासणीची वेळच समजावी. ७० च्या खाली आकडा आला तर तीन लहान चमचे साखर किंवा तेवढे ग्लुकोज घ्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर पुड्या बांधून हातातल्या पर्समध्ये ठेवावी, डोक्यावरच्या कप्प्यात नको, कारण पट्टा बांधलेला असताना उठता येत नाही.

माहेरची_सय

माझी सासू शेंगदाण्याची चिक्की ठेवते. ती चालते ना?

टाइप१_छत्तीस_वर्षे

नंतर खायला चालेल. पण शेंगदाण्यातल्या तेलामुळे तिची साखर रक्तात सावकाश पोचते, म्हणून उतरलेली साखर चढवण्यासाठी आधी साधी साखरच घ्यावी.

गोदाकाठ_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. आईशी बोलून मी जुन्या वहीत दोन नवे रकाने आखले. ‘किती तास झाले’ हे लिहिणे तिला सोपे वाटले. आता दोन शंका उरल्या आहेत. ग्लुकोमीटरमधली वेळ कधी बदलायची? आणि विमानातल्या विरळ हवेमुळे आकडा चुकतो, असे शेजारच्या काकांनी सांगितले, ते खरे आहे का?

परिचारिका_निवृत्त

साध्या ग्लुकोमीटरचे घड्याळ स्वतःहून बदलत नाही. विमानात ते भारतीय वेळेवरच राहू द्यावे आणि मुलीच्या घरी पोचल्यावर बदलावे. वहीत त्या ठिकाणी आडवी रेघ मारून ‘इथून न्यू जर्सीची वेळ’ असे लिहावे. घड्याळ मागे गेल्यामुळे मीटरच्या आठवणीत त्या दिवसाचे आकडे एकमेकांत मिसळलेले दिसू शकतात, म्हणून त्या दोन दिवसांसाठी वहीच खरी मानावी.

काकांचे म्हणणे काही पट्ट्यांच्या बाबतीत खरे आहे. ज्या पट्टीत ग्लुकोज ऑक्सिडेज असते, तिच्यावर रक्तातल्या प्राणवायूचा परिणाम होतो आणि तो कमी असेल तर आकडा थोडा जास्त दिसू शकतो. डिहायड्रोजिनेजच्या पट्टीत ही अडचण येत नाही. आईंच्या पट्ट्यांच्या कागदावर प्रकार आणि उंचीची मर्यादा दोन्ही लिहिलेले असते. विमानातल्या हवेचा दाब साधारण आठ हजार फूट उंचीवर असतो तितका कमी होऊ शकतो. कागदावरची मर्यादा त्याहून जास्त आहे ना, एवढे पाहावे. माझ्या अनुभवात याहून मोठी चूक हातांमुळे होते. फळाची फोड खाल्लेल्या बोटातून रक्त काढले की आकडा भलताच चढतो. प्रसाधनगृहात जाता आले नाही, तर ओल्या रुमालाने बोट पुसून कोरडे करावे आणि पहिला थेंब पुसून दुसऱ्या थेंबावर तपासावे.

टाइप१_छत्तीस_वर्षे

पट्ट्यांच्या परिणामाबद्दल मी इतका निश्चिंत नाही. आकडा ८० दिसतो आणि अंगाला घाम असतो, तेव्हा मी आकड्यावर विश्वास न ठेवता साखर घेतो. झोपण्यापूर्वीचा आकडा शंभरच्या आसपास असेल तरी मी दोन बिस्किटे खातो. परिचारिकाताई कदाचित याला अनावश्यक म्हणतील.

परिचारिका_निवृत्त

एकट्याने प्रवास करणाऱ्या ६८ वर्षांच्या बाईंसाठी मी अनावश्यक म्हणणार नाही. मात्र झोपताना किमान किती आकडा असावा, हे त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

गोदाकाठ_नाशिक

आज डॉक्टरांना विचारले. विमानात झोपताना १२० पेक्षा कमी असेल तर काहीतरी खावे, असे त्यांनी आईसाठी लिहून दिले. पट्ट्यांचा कागदही पाहिला, मर्यादा दहा हजार फुटांची आहे.

परतीचा हिशेब मात्र अजून जमलेला नाही. विमान तिथून रात्री ९ ला सुटते आणि मुंबईला रात्री ९ ला पोचते. तिच्या तिथल्या रात्री १० च्या ग्लार्जिनची वेळ उड्डाणानंतर तासाभरातच येईल. घरी येऊन रात्री १० ला पुन्हा घेतले, तर मध्ये साडेचौदाच तास जातात. ही दिशा मला जाण्याच्या प्रवासापेक्षा जास्त धोक्याची वाटते. मुंबईतली पहिली मात्रा कमी करायची की पुढे ढकलायची, हे डॉक्टर आईची तिथली वही पाहून ठरवणार आहेत. तोवर पहिल्या रात्रीसाठी मी १२, ३ आणि ६ वाजताच्या तपासण्या लिहून ठेवल्या आहेत. पूर्वेकडचा असा प्रवास ग्लार्जिनवर कोणी केला असेल, तर पहिल्या रात्री साखर साधारण कोणत्या प्रहरी उतरली, ते कृपया कळवावे.