फोटोतल्या तारखेत दिवस आधी की महिना, हे सॉफ्टवेअरने ठरवावं का?

कोथरूडचा_कोडर: लहान मुलांच्या क्लिनिकसाठी लसीच्या कार्डांचे फोटो वाचणारं सॉफ्टवेअर करतोय. अमेरिकेतून परत आलेल्यांच्या कार्डवर `06/02/2021` दिसलं की साठवायचं काय?

सरळमार्गी: `dayfirst=True` टाका आणि मोकळे व्हा. क्लिनिक भारतात आहे ना, मग दिवस आधी.

जुनी_कागदपत्रं: नाही हो, तिथेच तर घात होतो. पायथनच्या `dateutil` ला `dayfirst=True` सांगूनही `03/25/2021` दिलं तर ते गुपचूप २५ मार्च करतं, कारण २५ वा महिना नसतो, आणि त्याच कार्डवरचं `03/04/2021` मात्र ३ एप्रिल होतं. एकाच रकान्यात दोन क्रम आणि एरर एकही नाही.

सरळमार्गी: बरं, मग जन्मतारीख बघा. `07/28/2020` असेल तर अख्खं कार्ड महिना-आधी, संपलं.

जुनी_कागदपत्रं: अर्धंच बरोबर. त्या बाळाचा पहिला डोस `10/05/2020`, तो १० मे धरला तर जन्माच्या आधी पडतो म्हणजे ५ ऑक्टोबर नक्की. पण तिसरी ओळ इथल्या डॉक्टरांनी पेनाने लिहिलीय, `06/02/2021`, आणि ते सवयीने दिवस आधीच लिहिणार. ६ फेब्रुवारीला बाळ सहा महिन्यांचं, २ जूनला दहा, दोन्ही शक्य, त्यात कोविडच्या काळात कितीतरी डोस उशिराच झाले. म्हणून पुरावा ओळीपुरता धरा, कार्डभर पसरवू नका, आणि असं ठेवा:

```
raw: "06/02/2021"
value: null
candidates: ["2021-02-06", "2021-06-02"]
```

`raw` ला कोणीही कधीच हात लावायचा नाही, आणि ओळीचा फोटोतला तुकडा सोबत ठेवा.

रिसेप्शनवरून_मी: माझ्या एक्सेलमध्ये काही तारखा डावीकडे जातात काही उजवीकडे, ते पण हेच का?

जुनी_कागदपत्रं: बहुतेक हेच. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असली की `13/04/2021` तारीख म्हणून ओळखली जात नाही आणि मजकूर म्हणून डावीकडे राहते. पण उजवीकडे गेलेल्या जास्त तपासा, त्यात उलटलेल्या असू शकतात.

रिसेप्शनवरून_मी: अगंबाई, मी तर उजवीकडच्या बरोबर समजत होते. पण तुमचं ते `null` आमच्याकडे चालणार नाही, पुढच्या डोसची आठवण कशावरून पाठवायची? समोर गर्दी असताना प्रत्येक तारखेला विचारत बसलं तर मी पहिलं बटण दाबून मोकळी होईन.

जुनी_कागदपत्रं: प्रत्येकीला नाही. वर्षातल्या १३२ तारखाच दोन्हीकडून वेगळ्या वाचता येतात, त्यातल्या बऱ्याच जन्मतारखेने सुटतात. उरलेल्यांना बटणावर `06/02` नको, "६ फेब्रुवारी" आणि "२ जून" असं अक्षरी महिन्यासकट लिहा आणि आधीपासून काहीच निवडलेलं नको. कोणी निवडलं तेही नोंदवा.

सरळमार्गी: तरी मी म्हणेन की इथल्या पेनाची ओळ असेल तर दिवस-आधी हा अंदाज भरून ठेवा, फक्त वेगळ्या रंगात. आठवण तरी जाईल.

जुनी_कागदपत्रं: एक्सपोर्ट केल्यावर रंग उरत नाही.

कोथरूडचा_कोडर: आठवणीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारतो. तोवर `value` रिकामंच.