मदत हवी आहे: टॅक्स कापलेले कॅश फ्लो आणि १६ टक्के प्री-टॅक्स रेट, एनपीव्ही मायनस येतोय

अंबडची_अकाउंटंट
नमस्कार मंडळी, अंबड एमआयडीसीत आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे, मशिनिंगचं जॉबवर्क. मालकांना एक व्हीएमसी घ्यायचंय, ५० लाख. आत्ता जे काम बाहेर देतो ते घरात होईल म्हणून वर्षाला १७ लाख वाचतील, ५ वर्षं धरलीत, शेवटी विक्री किंमत शून्य. एका कन्सल्टंटकडून प्रोजेक्ट रिपोर्ट करून घेतला तर त्यात एनपीव्ही मायनस साडेतीन लाख आणि मालक म्हणतात विषय बंद.

पण मी शीट उघडून बघितली तर कॅश फ्लोमधून इन्कम टॅक्स कापलाय (२५.१६८ टक्के, आम्ही तो कमी रेटवाला ऑप्शन घेतलाय, घसारा १५ टक्के डब्ल्यूडीव्ही) आणि डिस्काउंट रेट लिहिलाय १६ टक्के, खाली बारीक अक्षरात "प्री-टॅक्स". त्यांचा वॅक १२ येतो, त्याला ०.७५ ने भागून १६ केलाय. म्हणजे टॅक्स दोनदा कापला गेला ना? की मीच काहीतरी चुकीचं समजतेय? विचारलं तर "आम्ही सगळ्यांना असंच करून देतो" एवढंच उत्तर.

सातपूरचा_सीए_इंटर
ताई बरोबर पकडलंत. १२ वरून १६ नेताना टॅक्स एकदा रेटमध्ये घुसला आणि कॅश फ्लोमध्ये तर आधीच होता. सोपा उपाय सांगतो, रेट १६ च राहू द्या आणि कॅश फ्लो टॅक्स न कापता घ्या, सरळ १७ लाख दरवर्षी. दोन्ही प्री-टॅक्स, हिशोब जुळला. एनपीव्ही ५.६६ लाख प्लस येतो, आत्ताच करून बघितलं. घेऊन टाका मशीन 😀

बेदाणा_ग्रुप
आमचंही हेच चाललंय!! दिंडोरी साइडला कोल्ड स्टोरेज आहे, ग्रुपमधली मेन कंपनी लिस्टेड म्हणून इंड एएस लागू. इम्पेअरमेंट टेस्टला ऑडिटर म्हणतात प्री-टॅक्स रेटच पाहिजे, स्टँडर्डमध्ये लिहिलंय. मग तुमचा कन्सल्टंट बरोबरच आहे की, प्री-टॅक्सच वापरायचा असतो.

जुना_फायनान्सवाला
एकेक घेऊ, तिघांचे विषय मिसळलेत.

बेदाणा, तुमचं वेगळं आहे. इंड एएस ३६ मध्ये व्हॅल्यू इन यूज काढताना रेट प्री-टॅक्स मागितलाय हे खरं, पण त्याच स्टँडर्डने कॅश फ्लोमध्ये इन्कम टॅक्स धरायचा नाही असंही सांगितलंय, ऑडिटरने बहुतेक अर्धंच वाक्य ऐकवलं. आणि ताईंचा प्रश्न मशीन घ्यायचं की नाही हा आहे, तिथे कुठलं स्टँडर्ड सक्ती करत नाही.

ताई, तुमची शंका बरोबर आहे. वॅक १२ कसा आला ते एकदा टाका ना इथे.

अंबडची_अकाउंटंट
कर्ज ६० टक्के साडेदहाने, टॅक्स वजा करून ७.८६. भांडवल ४० टक्के १८ ने. मिळून ११.९, राउंड करून १२.

जुना_फायनान्सवाला
झालं, म्हणजे हा १२ मुळातच पोस्ट-टॅक्स आहे. कर्जाचा भाग टॅक्स वजा करून घेतलाय आणि मालकाला जो १८ हवाय तोही कंपनीने टॅक्स भरल्यानंतरच्या पैशातून. कॅश फ्लोही टॅक्सनंतरचे. दोन्ही एकाच बाजूला आहेत, काही भागायचं गुणायचं नाही. तुमचे आकडे मी घातले, टॅक्सनंतर साधारण १४.६१, १४.३३, १४.०९, १३.८८, १३.७१ येतात, जुळतात का बघा. ओळ C ते H मध्ये असेल आणि C5 मध्ये गुंतवणूक मायनस ५० असेल तर

```
=NPV(12%,D5:H5)+C5
```

१.०९ लाख प्लस. तेच १६ ने केलं की मायनस ३.५४, म्हणजे कन्सल्टंटचा आकडा असाच आलाय.

आता सीए इंटर, तुझे ५.६६ बघ. तूही "जुळवलंस" ना, मग १.०९ यायला हवे होते. एकच मशीन, एकच टॅक्स, उत्तरं दोन कशी?

सातपूरचा_सीए_इंटर
हां राव… राउंडिंग?

जुना_फायनान्सवाला
साडेचार लाखांचं राउंडिंग नसतं रे. ०.७५ ने भागणं हे फक्त तेव्हा चोख बसतं जेव्हा कॅश फ्लो कायम सारखाच चालू राहतो आणि घसाऱ्याची भानगड नसते, किंवा घसारा अगदी मशीनची किंमत जशी उतरते तसाच मिळतो. इथे मशीन ५ वर्षांत संपतंय पण इन्कम टॅक्सवाला १५ टक्के डब्ल्यूडीव्हीनेच देतोय, पाचव्या वर्षाअखेर बुकात अजून २२ लाख शिल्लक! म्हणजे खर्चाची सूट उशिरा आणि टॅक्स आधी, म्हणून टॅक्सचा खरा भार २५ पेक्षा जास्त बसतो. तो भार रेटमध्ये आणायचाच असेल तर गोल सीक लावा, १७-१७ लाखांच्या ओळीवर कुठल्या रेटने ५१.०९ लाख येतात ते शोधा. १९.८ टक्के निघतो. १६ नाही.

म्हणून प्री-टॅक्स रेट हा आधी ठरवायचा आकडा नाहीच, तो पोस्ट-टॅक्स हिशोबातून मागे काढावा लागतो, आणि मशीन बदललं, घसारा बदलला की तोही बदलतो. सोलरला ४० टक्के घसारा आहे, तिथे तो १९.८ च्या खाली येईल. बेदाणा, तुमच्या ऑडिटरलाही हेच विचारा, प्री-टॅक्स रेट मागे काढलाय की नुसता भागलाय.

बेदाणा_ग्रुप
नुसता भागलाय 🙈 सोमवारी बोलतो. (द्राक्षाचा सीझन आहे, फोन उचलतील तर शपथ)

सातपूरचा_सीए_इंटर
सर पण एवढा घोळ कशाला, बँकेला सीएमए देतो त्यात पीएटी अधिक घसारा असतो, तोच कॅश फ्लो घ्यायचा, तो पोस्ट-टॅक्सच आहे की.

जुना_फायनान्सवाला
पोस्ट-टॅक्स आहे, पण व्याजही कापून झालंय त्यातून. बँकेला हप्ता फिटेल का हे बघायला ठीक. वॅकला तो चालत नाही, कारण व्याज रेटमध्ये आहेच आणि व्याजावरची टॅक्सची बचतही त्या ७.८६ मध्ये आलीय, पुन्हा टॅक्सच्या ओळीत व्याज वजा केलंस तर तीच बचत दोनदा घेशील. ओळखायची खूण सांगतो, कर्जाची रक्कम बदल आणि टॅक्सची ओळ हलते का बघ. हलली तर व्याज आत शिरलंय.

अंबडची_अकाउंटंट
बघितलं, हलत नाही, टॅक्स फक्त १७ वजा घसारा यावरच आहे. तुमचे पाचही आकडे शीटशी जुळले, खूप आभार.

पण ते २२ लाख डोक्यात बसलेत. आमच्या ब्लॉकमध्ये बाकी मशिनी आहेतच, मग पाचव्या वर्षानंतरही त्यावर घसारा मिळत राहील ना? तो कुठेच धरला नाही.

जुना_फायनान्सवाला
शाब्बास. हो, ब्लॉक चालू आहे आणि मशीन शून्याला गेलं असं धरलंय तोवर मिळेल. १२ ने आजची किंमत साधारण १.७६ लाख, म्हणजे एनपीव्ही २.८५. आणि मागे काढलेला प्री-टॅक्स रेट लगेच १८.३ च्या आसपास उतरतो, बघा किती नाजूक आकडा आहे हा.

गंगापूर_रोड
मला हे पटत नाही. पाच वर्षं चाललेलं व्हीएमसी शून्याला कोण देतं? सेकंडहँडला चांगले पैसे येतात, आणि विक्रीची रक्कम ब्लॉकमधून वजा झाली की तुमचा तो शिल्लक घसाराही तेवढा कमी. शिवाय पुढची १५-२० वर्षं कंपनी नफ्यात राहील आणि टॅक्स रेट हाच राहील हे गृहीत धरून सूट मोजायची, त्याला १२ टक्केच रेट का? मी तर ते १.७६ सोडून देईन.

जुना_फायनान्सवाला
विक्री किंमत धरायलाच हवी, मान्य. घसाऱ्याच्या शेपटीचं मात्र उलटं मत आहे माझं, धंदा नफ्यात असेल तर ती सूट मशीनच्या कमाईपेक्षा जास्त खात्रीची, तिला १२ पेक्षा कमी रेट लावला तरी चालेल. यावर वाद होऊ शकतो.

अंबडची_अकाउंटंट
मी १.०९ आणि २.८५ दोन्ही दाखवते मालकांना. सेकंडहँडचा भाव कुणाला माहितीय का, ५ वर्षं जुनं, दोन शिफ्ट चाललेलं? सातपूर-अंबडमधला प्रत्यक्ष झालेला व्यवहार असेल तर सांगा, डीलरचा कोट नको.