प्रतिसाद: कडक झालेले इपॉक्सी आणि अपूर्ण क्युअरिंग

"कडक झाले आहे, आठवडाभर तसेच ठेवले तर क्युअरिंग आपोआप पूर्ण होईल ना?"

होणार नाही. बिस्फेनॉल-ए इपॉक्सी आणि त्याच्याशी अभिक्रिया करून ते क्युअर करणारे आयसोफोरोन डायअमाइन हे मिश्रण घ्या. सुमारे 58 टक्के अभिक्रियेला त्याचे जेल होते आणि ते वाहणे थांबते, पण अभिक्रिया चालूच राहते. रेणूंचे जाळे दाट होत जाते तसे काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली पदार्थ काचेसारखा कडक आणि वर मऊ असतो ते तापमान, वाढते. ते 25 अंशांच्या खोलीतापमानाला ओलांडून थोडे पुढे गेले की रेणूंची हालचाल गोठते, पदार्थ काचेसारखा कडक होतो आणि अभिक्रिया न झालेले उरलेले रासायनिक गट एकमेकांपर्यंत जवळजवळ पोहोचू शकत नाहीत. त्यामुळे हे तापमान साधारण 50 अंशांच्या आसपास अडकते, तर पूर्ण क्युअर झाल्यावर ते 150 अंशांच्या जवळ जाते. नुसती कठिणता पाहून हा फरक कळत नाही. डीएससीमध्ये, म्हणजे नमुना तापवताना त्यातून निघणारी किंवा शोषली जाणारी उष्णता मोजणाऱ्या चाचणीत, मात्र उरलेल्या अभिक्रियेची उष्णता स्पष्ट दिसते, आणि ताज्या मिश्रणाच्या एकूण उष्णतेशी तिची तुलना केली की क्युअरचे प्रमाण मिळते. उपाय तापवण्याचाच आहे, परंतु साच्याबाहेरचा तुकडा एकदम 120 अंशांवर नेल्यास तो मऊ पडून वाकतो, म्हणून तापमान टप्प्याटप्प्याने, काचसंक्रमण तापमानाला पुढे सरकायला वेळ देत वाढवावे.