अनुभव धागा: ऑफिसचं व्हीपीएन आणि घरचं वायफाय

मृण्मयी_ठाणे
गेल्या आठवड्यात माझे दोन दिवस गेले म्हणून धागा काढतेय, तुमचेही अनुभव लिहा. व्हीपीएन कनेक्टेड दाखवायचं, मेल चालू, पण ऑफिसचा फाइल सर्व्हर काही उघडेना. त्याचा पत्ता 192.168.1.20. पिंग केलं तर उत्तर यायचं, म्हणजे सर्व्हर चालूच आहे असं धरून मी आयटीवाल्यांच्या मागे लागले. मग व्हीपीएन बंद करून पिंग केलं तरी उत्तर! ते उत्तर हॉलमधला टीव्ही देत होता, राउटरने त्याला नेमका तोच नंबर दिला होता.

निशाचर
मग लॅपटॉपचा आयपी हाताने बदलायचा की, झालं काम.

केबलवाला_काका
नाही हो, त्याने भागत नाही. घर आणि ऑफिस दोन्हीकडे 192.168.1 हीच मालिका असेल तर लॅपटॉपला वाटतं हा पत्ता घरातलाच, तो व्हीपीएनमधून पाठवतच नाही. काही व्हीपीएन उलटं करतात, मग सर्व्हर उघडतो पण घरचा प्रिंटर गायब. घरची मालिकाच बदला. राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये 192.168.1.1 च्या जागी 192.168.73.1 टाका, मास्क 255.255.255.0 तसाच. डीएचसीपीची रेंजही 73 ची झाली का ते बघा, बरेच राउटर आपोआप करतात, सगळे नाही. 10 ने सुरू होणारी मालिका घेऊ नका, मोठ्या ऑफिसांत तीच असते. आणि घरात कोणाचा क्लास चालू असताना करू नका, सगळ्यांचं नेट जातं.

मृण्मयी_ठाणे
काका, रात्री अकराला केलं, सर्व्हर उघडला!! पण सासऱ्यांचा कॅमेरा दिसेना. त्याला पत्ता हाताने दिलेला होता, जुन्याच मालिकेतला. प्रिंटरचंही तेच. दोन्ही नव्याने लावले.

गार्गी
मी लॅपटॉप गेस्ट वायफायवर टाकला आणि माझं सुटलं.

केबलवाला_काका
तुमच्या राउटरने गेस्टला वेगळी मालिका दिली असणार म्हणून. कित्येक राउटर तीच मालिका ठेवतात, नुसते एकमेकांना दिसू देत नाहीत. लॅपटॉपवर `ipconfig` करून बघा, तिसरा आकडा बदललाय का.

दादरचा_बाबू
आमच्याकडे वेगळंच. मी व्हीपीएन थेट राउटरमध्येच टाकलं, सारखं कनेक्ट करायला नको म्हणून. तर मुलीचा मोबाइल, टीव्ही, सगळंच ऑफिसमधून जायला लागलं आणि तिसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन. आता फक्त लॅपटॉपवर आहे. पण व्हीपीएन लावलं की व्हिडिओ कॉल अडकतो, तो का?

निशाचर
कॉलसुद्धा ऑफिसला वळसा घालून जात असेल.

दादरचा_बाबू
असेल, पण सकाळी नीट चालतो, दुपारीच अडकतो.