अपर लिपला ब्लीच केलं आणि भाजल्यासारखं झालंय, मदत हवी आहे

मधुरा_के
परवा संध्याकाळी घरीच चेहऱ्याला ब्लीच केलं. चारपाच वर्षं करतेय, कधी त्रास नव्हता. मागच्या वेळी ओठावरची लव नीट सोनेरी झाली नाही म्हणून या वेळी पावडर जरा जास्त घातली आणि १५ ऐवजी २० मिनिटं ठेवलं. शेवटची पाच मिनिटं चांगलीच आग होत होती, पण मला वाटलं काम करतंय. धुतल्यावर ओठाच्या वर लालबुंद पट्टा. आज तो तपकिरी झालाय, कोपऱ्यांना सालपटं निघतायत. गाल मात्र ठीक आहेत. दहा दिवसांनी घरात कार्यक्रम आहे. डाग राहील का? काय लावू?

सोनसळी
टॅन काढायला ब्लीचपेक्षा डी-टॅन पॅक बरा गं. रंगही उजळतो.

मधुरा_के
रंग उजळायचा नाहीये हो, लव दिसू नये एवढंच.

निवांत_दुपार
अमोनिया नसलेलं ब्लीच घ्यायचं, त्याने काही होत नाही. आणि आता घरात खाजेची ट्यूब असेल ती लाव, माझी लाली एका रात्रीत गेली होती.

रेणू७९
ट्यूब लावू नकोस, थांब. खाजेच्या बऱ्याच ट्यूबांमध्ये जोरकस स्टेरॉइड असतं. लाली जाते हे खरं, पण चेहऱ्यावर आपल्या मनाने लावत राहिलं की त्वचा पातळ होते, पुरळ येतं आणि सोडली की लाली दुपटीने परतते. डॉक्टरांनी बघून सौम्य स्टेरॉइड चार दिवस दिलं तर गोष्ट वेगळी.

मी अशी क्रीम बनवणाऱ्या ठिकाणी काम केलंय. डबीतल्या क्रीममध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. टिकावं म्हणून ते किंचित आम्लधर्मी ठेवतात, त्यामुळे एकटं ते सुस्त असतं. पावडर मिसळली की मिश्रण अल्कधर्मी होतं, केस फुगतो आणि पेरॉक्साइड आत शिरून त्यातलं मेलॅनिन फोडतं. पावडरीत बहुधा पर्सल्फेटही असतं, ते याला जोर देतं. पावडर वाढवलीस की हा जोर केसाबरोबर कातडीवरही वाढतो. अमोनिया नसला म्हणजे वास कमी येतो. पेरॉक्साइड तिथेच असतं.

पण नुसत्या चिमूटभर पावडरीने एवढं व्हायला नको, गालाला तर काहीच झालं नाही. त्याच दिवशी थ्रेडिंग केलं होतंस का? पिंपलसाठी रात्री काही लावतेस?

मधुरा_के
अगं हो! सकाळी ओठाच्या वरचे दोनचार जाड केस थ्रेडिंगने काढले होते. आणि तीन आठवड्यांपासून अॅडापलीन लावतेय, तोंडाभोवतीच पुरळ आहे म्हणून तिथेच.

रेणू७९
सापडलं मग. अॅडापलीनने वरचा थर आधीच नाजूक झालेला, त्यात दोऱ्याने खरवडलेलं. गालावर यातलं काहीच नव्हतं.

आता अॅडापलीन, स्क्रब, लिंबू, सगळं बंद. गार पाण्याने धू, दिवसातून तीनचारदा साधी पेट्रोलियम जेली लाव, सालपटं ओढू नकोस. त्वचा शांत झाली की बाहेर जाताना सनस्क्रीन हवंच. सावळ्या त्वचेवर दाह झाला की मागे काळपट छटा राहते आणि उन्हाने ती गडद होते. सालपटं आठवड्याभरात जातील, छटेला मात्र काही आठवडे ते काही महिने लागू शकतात. कार्यक्रमाला कन्सीलर लागेल असंच धर. फोड आले, पाणी सुटलं किंवा सूज वाढली तर थेट त्वचारोगतज्ज्ञ.

अबोली_१२
माझं वेगळंच झालं होतं. लावल्यावर दहा मिनिटांत मानेवर गांधी आणि छातीत घरघर. पार्लरमध्ये केस हायलाइट करतानाही तसंच. डॉक्टर म्हणाले पर्सल्फेटची अॅलर्जी. मला आधीपासून दमा आहे.

रेणू७९
अबोली, तुझ्यासाठी पावडरवालं ब्लीच कायमचं बंद. श्वास अडकला तर वाट न बघता इस्पितळ. मधुराची ही अॅलर्जी दिसत नाही, भाजणं आहे. तरी पुढे कधी केलंसच तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला मिश्रण लावून, सांगितलेल्या वेळात धुऊन दोन दिवस बघ. आणि आग झाली की घड्याळ न बघता धुवायचं.

मधुरा_के
पुढे लवेचं काय करू मग? लेझर?

निवांत_दुपार
लेझर बेस्ट, कायमची कटकट जाते.

रेणू७९
जाड काळ्या केसांना हो. बारीक लवेत लेझरला पकडायला रंगद्रव्यच कमी, आणि चेहऱ्यावर क्वचित उलट केस वाढलेलेही दिसतात. मी स्वतः चेहऱ्याच्या छोट्या रेझरने लव काढते, त्वचा बरी असेल तेव्हाच. केस जाड होत नाहीत, फक्त टोक बोथट असल्याने खुंट हाताला लागतात. हनुवटीवर नव्याने जाड केस येत असतील आणि पाळीही अनियमित असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखव.

सोनसळी
रेझर चेहऱ्याला? मला नाही बाई पटत. मी थ्रेडिंगच करते.

मधुरा_के
पाळी मागेपुढे होते खरी, विचारते. अॅडापलीन किती दिवस आधी बंद करायचं असतं?

रेणू७९
कोणी पाच दिवस सांगतं, कोणी दोन आठवडे. तुला ज्यांनी लिहून दिलंय त्यांनाच विचार.