'शिपमेंटनंतर' म्हणजे नेमकं कधी?

"कुपवाडहून कास्टिंग पाठवतोय. 'एफओबी न्हावा शेवा, ३० टक्के आगाऊ, बाकी शिपमेंटनंतर' एवढं पत्रात पुरेल का?"

नाही पुरणार. 'शिपमेंटनंतर'चा अर्थ परदेशातला खरेदीदार 'माल पोचल्यावर' असा लावेल. समजा ऑर्डर २०,००० डॉलरची, तर लिहा: ६,००० ऑर्डरसोबत, उरलेले १४,००० बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीची, स्कॅन प्रत मेल केल्यापासून ७ दिवसांत. त्या पावतीच्या मूळ प्रती पैसे जमा झाल्यावरच कुरिअर करा.

आणि कंटेनरला एफओबी कशाला? माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमची, जहाज मात्र तो ठरवणार. एफसीए धरलंत तर कंटेनर त्याच्या वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की सुटलात. मात्र एफसीएपुढे 'इन्कोटर्म्स २०२०' लिहा आणि माल जहाजावर चढल्याचं ऑन-बोर्ड बिल ऑफ लेडिंग तुम्हाला द्यायला त्याने वाहतूकदाराला सांगावं, हे वाक्य घालाच. नाहीतर स्कॅन कशाची पाठवणार?