‘क्षमस्व’ लिहिलं म्हणजे माफी मागितली का?

घोडबंदरकर: आमच्या सोसायटीत मंगळवारी टाकी साफ केली. पाणी सकाळी १० ते २ बंद राहणार होतं, आलं रात्री ८ वाजता. त्यात आदल्या दिवशीची नोटीसच लागली नव्हती. सेक्रेटरी मीच. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ‘झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असं लिहिलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका एकटे राहतात, दिवसभर शेजाऱ्यांनी त्यांना कळशीने पाणी दिलं. ते म्हणाले, “ही माफी नाही, पाटी आहे.” माझं काय चुकलं? क्षमस्व तर सगळ्यात नम्र शब्द ना?

नेरूळकर: बरोबरच आहे की. माफी, दिलगिरी हे बाहेरचे शब्द, क्षमस्व शुद्ध संस्कृत. पुढच्या वेळी पूर्ण वाक्य करा: ‘आम्ही क्षमस्व आहोत.’ मग कुणी बोलणार नाही.

प्रूफवाला: शब्द संस्कृत आहे, पण तुमचं वाक्य वाचून माझा चष्मा घसरला. क्षमस्व हे आज्ञार्थी रूप, म्हणजे ‘तू क्षमा कर’. ‘आम्ही क्षमा कर आहोत’ कसं होईल? पूजेच्या शेवटी ‘पूजां चैव न जानामि क्षमस्व परमेश्वर’ म्हणतो, तिथे समोर एकच देव असतो, म्हणून एकवचन. मराठीत तो शब्द आता गोठला आहे, कितीही जणांना चालतो. दूरदर्शनवर चित्र गेलं की ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ यायचं, तेव्हापासून तो खरंच पाटीचा झाला. तुमच्या काकांचं वय बघता त्यांना तीच आठवली असणार.

दिलगिरीचं वेगळं आहे. फारसीत दिल म्हणजे मन आणि गीर म्हणजे धरणारा. दिलगीर माणूस म्हणजे खिन्न माणूस. म्हणून बघा, दिलगिरी आपण ‘व्यक्त करतो’, मागत नाही. माफी ‘मागतो’, व्यक्त करत नाही. मागणाऱ्याला समोरचा नाही म्हणू शकतो. दिलगीर माणसाला नाही कसं म्हणणार? ठाणे स्टेशनात गाडी उशिरा असल्याबद्दल दिलगीर आहोत ऐकू येतं, तेव्हा आपण कुणी उत्तर देतो का?

वाशीची: माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. सासूबाई गेल्या तेव्हा ऑफिसातला मुलगा म्हणाला, “सॉरी मॅडम.” मला वाटलं, याची काय चूक? मराठीत काय म्हणायला हवं होतं?

प्रूफवाला: “वाईट झालं.” तिथे माफीचा संबंधच नाही. इंग्रजीचा सॉरी दोन्हीकडे चालतो, आपल्याकडे नाही.

कळव्याचा: मला तर सॉरीच बरा वाटतो. रिक्षात कोपर लागलं, “सॉरी हां”, संपलं. तिथे माफी मागितली तर समोरचा घाबरेल. आणि “माफ करा” म्हणजे तर आपण दारावरच्या विक्रेत्याला घालवतो.

प्रूफवाला: हे मात्र खरं. माफ करा म्हणजे नाही. “माफ करा, पण...” म्हणजे तर भांडणाची सुरुवात.

घोडबंदरकर: मग मी असा मसुदा केला: ‘नोटीस लावायची राहून गेली, त्याबद्दल माफी मागतो.’

प्रूफवाला: ‘राहून गेली’ काढा. दूध उतू जातं, किल्ली हरवते, नोटीस राहून जाते. या वाक्यांत करणारा कोणी नसतोच. मराठीत चूक अशी आपोआप घडवता येते. ‘लावली नाही’ लिहा. ‘काही चुकलं असल्यास’ हेही नको, कारण काय चुकलं ते तुम्हाला माहीत आहे.

घोडबंदरकर: आता असं: ‘मंगळवारी पाणी दुपारी २ ऐवजी रात्री ८ वाजता सुरू झालं. आदल्या दिवशी नोटीस आम्ही लावली नाही, ही आमची चूक. सर्व सभासदांची माफी मागतो.’ खजिनदार म्हणतात, माफी लिहिली की उद्या कुणी टँकरचे पैसे मागेल, दिलगिरीच लिहा.

नेरूळकर: खजिनदार बरोबर आहेत. सोसायटीच्या कागदावर दिलगिरीच असते.

प्रूफवाला: पैशाचं मला कळत नाही. पण काकांनी कागद मागितला कुठे? वर जाऊन सांगा.

घोडबंदरकर: गेलो होतो. म्हटलं, “काका, माझं चुकलं.” ते म्हणाले, “असू दे रे, बस. चहा टाकतो.” माफ केलं असं काही म्हणाले नाहीत.

वाशीची: तसं कुणी म्हणतं का? “असू दे”, “जाऊ द्या” एवढंच. “मी तुला माफ केलं” मी फक्त सिरियलमध्ये ऐकलंय.

घोडबंदरकर: फळ्यावर अजून क्षमस्वच आहे. रविवारी कमिटीची बैठक आहे.